बंद होणाऱ्या संकेतस्थळावरून ध्वनिमुद्रण उतरवताना फाइल मध्येच तुटते: आजोबांच्या भाषणाच्या निमित्ताने कारण आणि उपाय

लक्षण असं: ध्वनिमुद्रण उतरवायला लावलं की फाइल मिळते, वाजतेही, पण काही मिनिटांनी आवाज बंद पडतो. पुन्हा उतरवली तरी तेच, फक्त थांबण्याची जागा बदलते. संकेतस्थळ बंद व्हायची तारीख तोंडावर आलेली असते आणि त्याच दिवसांत हा त्रास सगळ्यात जास्त होतो. आमच्या घरी आजोबांच्या भाषणाच्या बाबतीत हेच झालं. तीच हकिकत धरून कारण कसं ओळखायचं आणि फाइल पूर्ण कशी करायची ते सांगते.

आजोबा शिक्षक होते. निवृत्तीच्या निरोप समारंभात ते सत्तेचाळीस मिनिटं बोलले होते आणि समारंभ भरवणाऱ्यांनी ते मुद्रण एका ध्वनिसंग्रहाच्या संकेतस्थळावर ठेवलं होतं. मूळ मुद्रण कुणाकडेच उरलं नव्हतं. आजोबांचा आवाज सलग ऐकता येईल अशी ती एकच गोष्ट होती. संकेतस्थळ बंद होणार असल्याची सूचना दादाच्या नजरेला पडली, तेव्हा मुदतीला दोनच दिवस राहिले होते.

आधी सूचना नीट वाचा

घाई असली तरी ही पाच मिनिटं वाया जात नाहीत. बंद होण्याच्या सूचनेत बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त तारखा असतात: नवीन काही चढवणं कधी थांबणार, पानं कधी दिसेनाशी होणार, साठवलेल्या फाइली कधी पुसल्या जाणार. याहू ग्रुप्सच्या वेळी 28 ऑक्टोबर 2019 नंतर नवीन मजकूर टाकता येणार नव्हता आणि जुना मजकूर 14 डिसेंबरला काढला जाणार होता. पुढे लोकांना आपली माहिती मागवून घेण्यासाठी 31 जानेवारी 2020 पर्यंत मुदत वाढवून मिळाली. मुदत वाढेल या भरवशावर मात्र राहू नका. वेळ कोणत्या प्रमाणवेळेत दिली आहे तेही बघा. आमच्या सूचनेत मध्यरात्रीचे बारा लिहिले होते, पण ते युटीसी या जागतिक प्रमाणवेळेचे होते, आपल्या घड्याळातले नव्हेत. दादाने आपल्या घड्याळातली वेळ पहिल्यांदा काढून कागदावर लिहिली आणि कागद संगणकाशेजारी चिकटवला.

कालावधीच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका

सूचना कळताच घरातले सगळे एकदम कामाला लागले. आत्याने फोनवर, काकांनी त्यांच्या लॅपटॉपवर, दादाने आणि मी आपापल्या संगणकावर. पहिली बातमी आत्याची आली. "अगं, उतरलं की! सत्तेचाळीस मिनिटं दाखवतंय." आजी लगेच ऐकायला बसली. अकराव्या मिनिटाला आजोबांचं वाक्य अर्ध्यात तुटलं आणि पुढे काहीच नाही. पडद्यावर कालावधी मात्र अजून सत्तेचाळीस मिनिटंच होता.

ही फसगत कशी होते ते समजून घेण्यासारखं आहे. कित्येक एमपी३ फाइलींच्या अगदी सुरुवातीला एक छोटी नोंद असते, तिला झिंग किंवा इन्फो हेडर म्हणतात. एकूण किती तुकडे आहेत ते तिथे लिहिलेलं असतं आणि वाजवणारं अ‍ॅप कालावधी तिथूनच वाचतं. फाइलचा शेपटाकडचा भाग आलाच नाही तरी सुरुवातीची नोंद आलेली असते, म्हणून आकडा पूर्ण दिसतो. फाइल खरोखर कुठपर्यंत आहे हे बघायचं असेल तर ती शेवटपर्यंत उलगडून पाहावी लागते. त्यासाठी एफएफएमपेग हे मोफत साधन पुरेसं आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, ही आज्ञा द्या:

```
ffmpeg -v error -stats -i bhashan.mp3 -f null -
```

ही आज्ञा काहीही नवीन लिहीत नाही, फक्त सगळा आवाज वाचून बघते. शेवटी `time=` पुढे जो वेळ दिसतो तो खरा. आत्याच्या फाइलसाठी तो अकरा मिनिटांच्या जरा पुढे आला.

एफएफएमपेग हाताशी नसेल तर साधा हिशेबही चालतो. आमचं मुद्रण 128 केबीपीएसचं होतं, म्हणजे सेकंदाला 16,000 बाइट. सत्तेचाळीस मिनिटांचे 2,820 सेकंद, तेव्हा पूर्ण फाइल सुमारे 4 कोटी 51 लाख बाइटची हवी. आत्याकडची फाइल 1 कोटी 6 लाखांची होती. भागाकार केला की साधारण 663 सेकंद येतात, म्हणजे अकरा मिनिटं. हा दर, म्हणजे बिटरेट, सबंध फाइलभर एकसारखा असेल तेव्हाच हा हिशेब जमतो. बदलत्या बिटरेटच्या फाइलवर तो फक्त अंदाज देतो.

दोष फाइलमध्ये आहे की वाटेत?

पुढचं सगळं या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. ते काढायला सगळ्यांच्या अर्धवट फाइली शेजारी ठेवून बघाव्या लागतात. आत्याची अकरा मिनिटांना तुटली होती, काकांची नवव्या, दादाची चौदाव्या. जागा वेगवेगळ्या होत्या, म्हणजे सर्व्हरवरची फाइल शाबूत होती आणि तुटणं वाटेत होत होतं. सगळ्यांच्या फाइली एकाच बाइटवर संपल्या असत्या तर सर्व्हरवरचीच फाइल अपुरी आहे, किंवा पानावर फक्त नमुन्याचा तुकडा ठेवला आहे, असं समजायचं. तसं असेल तर उतरवण्याच्या युक्त्या करण्यात अर्थ नाही. संकेतस्थळ चालवणाऱ्यांना किंवा मुद्रण चढवणाऱ्याला लिहावं लागतं.

आणखी एक प्रकार काकांच्या दुसऱ्या खेपेला दिसला. त्यांची फाइल जेमतेम काही किलोबाइटची निघाली आणि वाजेचना. ती मजकुराच्या संपादकात उघडली तर आत चूक झाल्याचा संदेश देणारं वेबपान होतं, नाव तेवढं `.mp3`. सर्व्हरने नकार दिला आणि तो नकारच फाइल म्हणून जतन झाला.

खरं कारण: दुव्याचं आयुष्य

नकार कशामुळे येतो ते बघायला ब्राउझरचं डेव्हलपर साधन उघडावं. `F12` दाबा, `Network` मध्ये जा, `Media` निवडा, पान पुन्हा लोड करा आणि भाषण वाजवायला लावा. यादीत आवाजाच्या फाइलची ओळ येते. तिच्या पत्त्याच्या शेवटी असं काहीतरी असेल तर कारण जवळपास सापडलंच:

```
...bhashan.mp3?expires=1767225600&signature=...
```

हा स्वाक्षरी केलेला, ठरावीक वेळच चालणारा दुवा आहे. `expires` पुढची संख्या म्हणजे 1 जानेवारी 1970 पासून मोजलेले सेकंद; वरच्या उदाहरणातली संख्या 1 जानेवारी 2026, युटीसी 00:00 ही वेळ दाखवते. काही ठिकाणी `X-Amz-Expires=600` असं दिसतं. त्याचा अर्थ `X-Amz-Date` मध्ये लिहिलेल्या क्षणापासून 600 सेकंद. आमचा दुवा असाच दहा मिनिटांचा होता.

एरवी दहा मिनिटं भरपूर झाली, कारण 45 एमबीची फाइल मिनिटभरात येते. पण बंद होणाऱ्या ठिकाणी शेवटच्या दिवसांत सगळेच धाव घेतात. आमच्या वाट्याला सेकंदाला जेमतेम 17 किलोबाइट येत होते. त्या वेगाने पूर्ण फाइलला पाऊण तास लागतो. एकदा सुरू झालेलं उतरवणं दुव्याची वेळ संपली तरी बऱ्याचदा चालू राहतं, कारण परवानगी विनंतीच्या सुरुवातीलाच तपासली जाते. पण मध्ये जोडणी तुटली, आणि गर्दीच्या सर्व्हरवर ती तुटतेच, की ब्राउझर उरलेला भाग त्याच जुन्या दुव्याने मागतो. दुवा मेलेला असतो. सर्व्हर `403 Forbidden` म्हणतो आणि तुमच्याकडे अर्धी फाइल राहते. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं की तोच खेळ पुन्हा. म्हणून जागा दर वेळी बदलते, पण शेवट कधीच गाठला जात नाही.

त्यात घरातल्या चौघांनी एकाच जोडणीवरून एकाच वेळी मागणी लावली होती. थोड्या वेळाने `429 Too Many Requests` यायला लागलं. त्या उत्तरासोबत `Retry-After` असेल तर तेवढे सेकंद खरोखर थांबायचं. घाईच्या वेळी शांत बसणं जिवावर येतं, पण मारा चालू ठेवला की बंदी लांबते. दादाने बाकी सगळ्यांना थांबायला सांगितलं आणि उतरवण्याचं काम एकाच संगणकावर ठेवलं.

उपाय: अर्धी फाइल टाकू नका, ताज्या दुव्याने पुढे जोडा

दुवा मेला तरी हातात आलेले बाइट खरेच असतात. पान पुन्हा उघडलं की नवीन दुवा मिळतो, आणि त्या दुव्याने उरलेलाच भाग मागायचा. पण जोडण्याआधी दोन गोष्टींची खात्री हवी: सर्व्हर मधूनच पुढचा भाग देतो का, आणि नवीन दुव्यामागची फाइल तीच आहे का. दोन्हीसाठी `curl` या फाइली उतरवण्याच्या साधनाने फक्त एक बाइट मागून बघायचा:

```
curl -s -r 0-0 -D - -o /dev/null "ताजा-दुवा"
```

विंडोजवर `/dev/null` च्या जागी `NUL` लिहा. उत्तरात `206 Partial Content` आणि `Content-Range: bytes 0-0/45121045` असं आलं की काम सोपं झालं. तिरप्या रेघेपुढची संख्या म्हणजे फाइलचा पूर्ण आकार. ती नोंदवून ठेवा. आमची संख्या वर मांडलेल्या हिशेबाशी जुळत होती. पुढच्या दुव्याला हा आकार वेगळा दिसला तर संकेतस्थळ तुम्हाला दुसऱ्याच दर्जाची प्रत देतं आहे. ती पहिल्या तुकड्याला जोडली तर फाइल बिघडते. बरेच जण आकार बघण्यासाठी `curl -I` वापरतात. स्वाक्षरीच्या दुव्यांवर ते बहुधा चालत नाही, कारण स्वाक्षरी फाइल मागण्यापुरती केलेली असते, फाइलशिवाय नुसती माथ्याची माहिती, म्हणजे हेडर, मागण्यासाठी नाही. तिथे आलेला `403` पाहून दुवाच खराब आहे असं समजू नका.

सर्व्हरने `206` ऐवजी `200` दिलं तर तो भाग पाडून देत नाही. मग ही पद्धत लागू नाही. गर्दी कमी असेल अशी वेळ गाठून एका दमात उतरवणं एवढंच उरतं.

सगळं जुळलं की ही आज्ञा:

```
curl -f -L -C - --speed-limit 1000 --speed-time 30 -o bhashan.mp3 "ताजा-दुवा"
```

`-C -` म्हणजे डिस्कवर जेवढी फाइल आहे तिच्या पुढून सुरू कर. `-f` विसरू नका. सर्व्हरने नकार दिला तर त्याचं वेबपान तुमच्या फाइलमध्ये लिहिलं जात नाही. `--speed-limit` आणि `--speed-time` मिळून असं सांगतात की तीस सेकंद वेग सेकंदाला हजार बाइटच्या खाली राहिला तर जोडणी सोडून दे. नाहीतर अडकलेली जोडणी तशीच लटकून राहते आणि तेवढ्यात दुव्याचं आयुष्य संपतं. दुव्याभोवतीची अवतरणचिन्हं आवश्यक आहेत, कारण त्यातल्या `&` चा टर्मिनलमध्ये वेगळा अर्थ होतो.

काही संकेतस्थळं लॉगिन तपासतात. मग नुसता दुवा चालत नाही. `Network` च्या यादीत त्या ओळीवर उजवं बटण दाबून `Copy as cURL` घ्या, म्हणजे लागणारी सगळी माथ्याची माहिती सोबत येते. इथे एक खाच आहे. त्या नकलेत बहुतेकदा `-H 'Range: bytes=0-'` असा तुकडा असतो, कारण वाजवणाऱ्या पानाने फाइल सुरुवातीपासून मागितलेली असते. तो काढून टाका, नाहीतर तो `-C -` च्या आड येतो. आणि ही नक्कल कुणाला पाठवू नका. तिच्यात तुमच्या लॉगिनची कुकी असते. काका ती घरच्या ग्रुपवर टाकायला निघाले होते, दादाने वेळेत थांबवलं.

आम्ही असं वाटून घेतलं: मी पान उघडून ताजा दुवा काढायचा, दादाने एक बाइट मागून आकार बघायचा आणि आज्ञा चालवायची, काकांनी प्रत्येक खेपेनंतर फाइलचा आकार वहीत लिहायचा. फाइल 1 कोटी 6 लाखांवरून पावणेदोन कोटींवर गेली, मग अडीच कोटींच्या पुढे. एका खेपेला काहीच आलं नाही आणि लगेच `403` आलं. नवीन दुवा काढून आज्ञा टंकण्यात वेळ गेला होता, दुवा वापरण्याआधीच संपला. त्यानंतर आज्ञा आधी लिहून ठेवायची आणि दुवा शेवटी चिकटवायचा, असं केलं.

शेवटची सोय आधीच सुरू करा

हे चालू असताना आत्याने दुसऱ्या जोडणीवरच्या लॅपटॉपवर पान उघडून भाषण वाजवलं आणि संगणकातून जाणारा आवाज ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या अ‍ॅपमध्ये थेट मुद्रित करायला लावला. मायक्रोफोन समोर धरून नव्हे. विंडोजवर ऑडॅसिटीत `Windows WASAPI` निवडून ध्वनीच्या साधनाचा `loopback` घेतला की आतला आवाज थेट मिळतो. ही प्रत मूळ फाइलसारखी बाइटला बाइट नसते, पण शब्द सगळे येतात. मात्र तिला पूर्ण सत्तेचाळीस मिनिटं लागतात. घाई करून ती लवकर होत नाही. म्हणून मुदतीला तासभर उरल्यावर तिच्याकडे वळणं धोक्याचं. ती सुरुवातीलाच बाजूला लावून द्यावी. वाजवतानाही दुवा मरतो आणि आवाज थांबतो. पान पुन्हा उघडून थोडं मागून सुरू करायचं, दुहेरी आलेला भाग नंतर कापता येतो.

`Network` च्या यादीत एकसंध फाइलऐवजी `.m3u8` दिसलं तर आवाज छोट्या तुकड्यांत येतो आहे. तिथे त्या पत्त्यावर `ffmpeg -i "पत्ता" -c copy bhashan.m4a` चालवा आणि पडद्यावरच्या ओळी वाचा. `Failed to open segment` आलं तर तो तुकडा गाळून साधन पुढे गेलेलं असतं, म्हणजे फाइलला शेवट असतो पण मध्ये भोक पडतं. पत्त्यांमागे कुलूपबंद मजकुराची व्यवस्था असेल तर यातलं काही लागू पडत नाही.

पूर्ण झाली हे कशावरून?

मुदतीच्या सुमारे दीड तास आधी फाइलचा आकार 4,51,21,045 बाइट झाला, नोंदवलेल्या आकाराइतकाच. तरी दादा उठला नाही, आणि मला ते योग्यच वाटलं. वेगवेगळ्या खेपांना जोडलेल्या फाइलचा आकार बरोबर असूनही आत एखादा सांधा खराब असू शकतो. त्याने आधी वरचीच तपासणीची आज्ञा चालवली: `time=` 47 मिनिटांवर पोचलं, मध्ये चूक दाखवणारी एकही ओळ नाही. मग रिकाम्या जागी दुसरी प्रत पहिल्यापासून उतरवायला घेतली. तोवर गर्दी ओसरली होती आणि ती पाऊण तासाच्या आतच आली. दोन्हींचा ठसा, म्हणजे फाइलच्या सगळ्या बाइटांवरून निघणारी अक्षरमाला, काढला:

```
sha256sum bhashan.mp3 bhashan-2.mp3
```

विंडोजवर `certutil -hashfile bhashan.mp3 SHA256`. दोन्ही ओळींतली अक्षरमाला तंतोतंत सारखी आली. एकाही बाइटचा फरक असता तर ती पूर्ण बदलली असती. वेळ असेल तर ही दुसरी प्रत जरूर घ्या. नसेल तर प्रत्येक सांध्याच्या आसपासची मिनिटं तरी कानाने ऐका. काकांच्या वहीतले आकार इथे उपयोगी पडले असते: आकाराला 16,000 ने भागलं की सांधा कितव्या सेकंदाला आहे ते कळतं.

आजीने बाविसाव्या मिनिटापासून ऐकायला मागितलं. त्या भागात आजोबा आपल्या पहिल्या वर्गातल्या मुलांची नावं हजेरीच्या क्रमाने म्हणतात. तिला ती क्रमवार पाठ होती आणि एकही नाव गळलेलं नव्हतं.

उतरलेली फाइल पुन्हा दुसऱ्या स्वरूपात बदलून ठेवू नका. एमपी३ची एमपी३ केली तरी दर वेळी आवाजातला थोडा तपशील जातो. आहे तशी ठेवा, निदान दोन वेगळ्या ठिकाणी, आणि ठसा एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये शेजारीच लिहून ठेवा. पानावरचं शीर्षक, तारीख आणि वर्णनही त्याच फाइलमध्ये उतरवा, कारण ते आवाजाच्या फाइलमध्ये नसतं. पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनला `Save Page Now` मधून द्यायलाही हरकत नाही. तिथे पानाचा मजकूर टिकतो. स्वाक्षरीच्या दुव्यामागचा आवाज मात्र सहसा त्याच्यासोबत जात नाही, तेव्हा तिथे पान दिसलं म्हणून भाषणही वाचलं असं धरू नका.

आणि मुदत उलटून गेल्यावर हे वाचत असाल तर लगेच संकेतस्थळ चालवणाऱ्यांना लिहा. पान बंद होणं आणि साठा पुसला जाणं या बऱ्याचदा वेगळ्या दिवशी होणाऱ्या गोष्टी असतात. पत्रात पानाचा पूर्ण पत्ता, मुद्रणाचं शीर्षक, चढवलेली तारीख आणि बोलणाऱ्याशी असलेलं तुमचं नातं लिहा. पत्त्यात फाइलचा क्रमांक असेल तर तो वेगळा द्या. साठ्यात शोधणाऱ्याला तोच लागतो.